प्रस्ताव अंदाजपत्रकापासून वाचा

मंडळी, अनुदान मागणारा इंग्रजी प्रस्ताव तपासायला आला की आपण पहिल्या पानापासून व्याकरण सुधारत जातो. मी आधी अंदाजपत्रक उघडते. पैसे कुठे मागितलेत ते पाहिलं, की काम कसं करणार हे सांगणाऱ्या ‘पद्धती’च्या भागात काय लिहायचं राहिलंय ते लगेच कळतं.

आपल्या बडोद्याचंच उदाहरण घेऊ. समजा, एका जुन्या वाड्यात गायकवाडी काळातली मोडी कागदपत्रं आहेत, 4,000 पानं. त्यांची सूची करायची आहे. अंदाजपत्रकात एक ओळ आहे: मोडी वाचक, एकरकमी 2,00,000 रुपये. समर्थनात लिहिलंय, ‘एक्स्पर्ट्स आर एसेन्शियल’. परीक्षकाला जाणकार हवेत हे मान्यच असतं, त्याला दोन लाखच का, हे हवं असतं.

म्हणून पद्धतीकडे जायचं. तिथे वाक्य सापडतं, ‘द डॉक्युमेंट्स विल बी रेड अँड कॅटलॉग्ड’. कोण वाचणार, दिवसाला किती पानं, तपासणार कोण, काहीच नाही. अशी कर्मणी वाक्यं प्रयोगशाळेच्या वर्णनात चालतात. जिथे माणसाच्या कामाचे पैसे मागायचे, तिथे मात्र कर्ता लिहावाच लागतो. दोन वाचक, प्रत्येकी दिवसाला 40 पानं, असं लिहिलं की हिशेब आपोआप उभा राहतो. 4,000 पानांना वाचकांचे मिळून 100 दिवस, म्हणजे प्रत्येकाचे 50. दिवसाचं मानधन 1,500 धरलं तर 1,50,000 रुपये. दोन लाखांतले उरलेले 50,000 कशाचे? नोंदी ताडून पाहण्याचे असतील, तर ते काम पद्धतीत यायला हवं; नसतील तर रक्कम कमी करायची.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. तो 40 चा आकडा संपादकाने स्वतःच्या मनाने घालू नये. समासात प्रश्न लिहून प्रस्ताव परत पाठवावा: नमुन्याची पानं वाचून पाहिलीत का? मोडीत लेखकागणिक वळण बदलतं, घाईत लिहिलेल्या अक्षराला वेळ दुप्पटही लागेल. हे वाचकालाच माहीत असतं.

आता उद्दिष्ट. मूळ वाक्य होतं, ‘टू स्टडी अँड प्रिझर्व्ह द मोडी हेरिटेज ऑफ बडोदा’. ‘स्टडी’ कधी संपला हे कसं ठरवणार? आणि ‘प्रिझर्व्ह’ म्हटलं की परीक्षक कागदाच्या डागडुजीचा खर्च शोधतो. तो तर अंदाजपत्रकात कुठेच नाही. तेव्हा उद्दिष्ट एवढंच ठेवा: 4,000 पानांची, शोधता येईल अशी सूची, बारा महिन्यांत. लहान वाटेल, पण खालची प्रत्येक ओळ आता त्याला जोडता येते. जी जोडता येत नाही, उदाहरणार्थ पद्धतीत कुठेच न दिसणारा लॅपटॉप, तिच्याबद्दल प्रस्तावकर्त्याला विचारा आणि कारण मिळालं नाही तर ती काढा.

भाषा यानंतर. तिथे मी सर्वांत आधी पाहते ते एकच: वर ‘लीफ’, मध्ये ‘फोलिओ’, खाली ‘डॉक्युमेंट’, असं झालंय का? शाळेत पुनरुक्ती टाळायला शिकवतात, म्हणून लोक शब्द बदलतात. इथे एक दस्तऐवज दहा पानांचाही असू शकतो, त्यामुळे शब्द बदलला की वरचा सगळा हिशेबच बदलतो.