वांग्याच्या पानावरची धूळ, भुरी आणि लाल कोळी

श्रोतेहो, नमस्कार. गळीत हंगाम संपत आला, की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील गाडीवाटांच्या कडेची सगळी पिके एकाच रंगाची दिसू लागतात. उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली तांबूस माती, जवळपास साखर कारखाना असेल तर त्याच्या धुराड्यातून येणारी बारीक काळी राख आणि फेब्रुवारी-मार्चमधील कोरडी हवा यांमुळे पानांवर थर बसतो. तो थर पाहून “ही धूळच आहे, वळवाच्या पावसाने धुऊन जाईल” असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु याच दिवसांत, याच गाडीवाटेच्या कडेला आणि याच मळकट रंगाच्या आड लाल कोळी वाढत असते. त्यामुळे पानावर जे दिसते ते धुळीचे आहे, बुरशीचे आहे की कोळीचे आहे, हे शेतात उभे राहून कसे ठरवावे, एवढ्याच एका गोष्टीविषयी मी आज बोलणार आहे.

शिरोळ तालुक्यातील, नदीकाठच्या एका वांग्याच्या प्लॉटचे उदाहरण घेऊ. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे गेलो, तेव्हा रस्त्याकडच्या चार सऱ्यांतील झाडे फिकट आणि राखाडी दिसत होती, आतील झाडे मात्र बऱ्यापैकी हिरवी होती. शेतकरीदादा म्हणाले, “साहेब, ही समदी धूळच हाय. ट्रॉल्या दिवसभर जात्यात, म्हणून रस्त्याकडचीच झाडं अशी झाल्यात.” मग थोडे थांबून त्यांनी सांगितले, की कुणी तरी ही भुरी असल्याचे म्हटल्यामुळे एकदा बुरशीनाशक मारले, आणि शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकाच्या दोन फवारण्याही दिल्या. अळी कमी झाली, झाडांचा फिकटपणा मात्र वाढतच गेला.

दादांचा तर्क चुकीचा नव्हता, तो अपुरा होता. रस्त्याच्या कडेला धूळ जास्त असते हे खरेच आहे, पण कोळीसुद्धा बहुधा तिथूनच सुरू होते. धुळीने माखलेल्या पानावर कोळीला खाणाऱ्या मित्रकीटकांना, म्हणजे भक्षक कोळींना आणि कोळी खाणाऱ्या अगदी लहान काळ्या ढालकिड्यांना, फिरणे आणि भक्ष्य शोधणे कठीण जाते, आणि पाण्याच्या ताणाखाली असलेली कडेची झाडे कोळीला चांगलीच मानवतात. म्हणून “रस्त्याकडेच आहे, म्हणजे धूळ आहे” हा निष्कर्ष काढता येत नाही. धूळ आणि कोळी एकाच पानावर एकत्र असू शकतात, आणि त्या पानांवर तसेच झाले होते.

आम्ही पहिली परीक्षा ओल्या फडक्याने केली. मधल्या उंचीवरचे एक पान घेऊन मधल्या शिरेच्या एका बाजूचा अर्धा भाग हलक्या हाताने पुसला आणि दुसरा अर्धा तसाच ठेवला. फडके तांबडे झाले, म्हणजे धूळ होतीच. पण केवळ धूळ असती, तर पुसलेल्या भागात वांग्याचा मूळचा गर्द हिरवा रंग सलगपणे वर यायला हवा होता. तसे झाले नाही. पुसलेल्या भागात, विशेषतः देठाजवळ आणि शिरांच्या बगलेत, टाचणीच्या टोकाने टोचावेत तसे असंख्य पांढुरके-पिवळे ठिपके तसेच राहिले. मग ते पान सूर्याकडे धरून पाहिले. न पुसलेल्या भागातील धूळ उजेडाला अडवून काळपट दिसत होती, तर ठिपक्यांच्या जागी उजेड झिरपत होता.

हा फरक कशामुळे पडतो, ते एकदा समजले, की परीक्षा लक्षात ठेवावी लागत नाही. धूळ पानाच्या वर बसते, तर कोळी पानाच्या आतील ऐवज काढून घेते. ती पानाच्या मागील बाजूला राहून सुईसारख्या मुखांगांनी एकेक पेशी टोचते आणि हरितद्रव्यासह तिच्यातील रस शोषते. रिकाम्या झालेल्या पेशींच्या जागी पानाच्या वरच्या बाजूने फिकट ठिपका दिसतो. असे ठिपके एकमेकांत मिसळले, की पान आधी धुरकट, मग तांबूस होते आणि अखेरीस वाळून गळते. हा ठिपका मेलेल्या पेशींचा असल्यामुळे तो पुसला जात नाही, धुतला जात नाही आणि कोणत्याही औषधाने पुन्हा हिरवा होत नाही.

यानंतर पान उलटे करायचे. वांग्याच्या बाबतीत इथे एक फसगत होते, जी भल्याभल्यांची होते. वांग्याच्या पानाच्या पाठीवर मुळातच दाट लव असते आणि भिंगातून पाहिले, तर तिचा प्रत्येक केस चांदणीसारखा अनेक टोकांचा दिसतो. नवख्या माणसाला ही लव बुरशीची वाटते, कुणाला जाळे वाटते. म्हणून मी नेहमी त्याच जातीच्या, प्लॉटच्या मध्यावरील निरोगी झाडाचे तेवढ्याच वयाचे पान शेजारी धरतो. दोन्ही पानांवर सारखे असते ते पानाचे, आणि एकाच पानावर असते ते रोगाचे किंवा किडीचे.

दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगातून त्या पानाच्या पाठीवर आम्हाला तीन गोष्टी दिसल्या. लवेच्या वर, शिरेपासून शिरेपर्यंत ताणलेले अत्यंत बारीक धागे होते. त्या धाग्यांत मोत्यासारखी गोल, जवळजवळ पारदर्शक अंडी आणि कात टाकल्यानंतर उरलेल्या पांढऱ्या साली अडकलेल्या होत्या. आणि त्यांच्यामधून आठ पायांच्या तांबड्या कोळी सावकाश चालत होत्या. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते, त्यामुळे उघड्या डोळ्यांना तो केवळ हलणारा कण वाटतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, तेवढ्यावरून गोंधळू नये. कात टाकलेल्या साली मात्र नीट पाहा, कारण साध्या डोळ्यांना त्या पांढऱ्या पिठासारख्या दिसतात आणि “भुरी आली” हा गैरसमज बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच होतो. शिवाय जाळ्यात उडती धूळ अडकते आणि धूळ अडकल्यावर जाळे करड्या बुरशीसारखे दिसू लागते.

जाळे आहे की नाही याची शंका असेल, तर हातपंपाने त्या पानावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. जाळे असेल, तर पाणी पानाला न भिडता धाग्यांवर मण्यांसारखे लटकून राहते. धूळ असेल तर ती भिजून चिखल होते आणि ओघळते. मात्र जाळे दिसेपर्यंत कोळीची संख्या बरीच वाढलेली असते. सुरुवातीच्या अवस्थेत केवळ ठिपके असतात, म्हणून जाळे नाही म्हणजे कोळी नाही, असे समजू नये.

भिंग जवळ नसेल, तर एक पांढरा कागद पुरतो. पान कागदावर धरून दोन-तीनदा टिचकी मारावी आणि अर्धा मिनिट थांबावे. धूळ पडल्या जागी पडून राहते, कोळी चालू लागते. चालणाऱ्या कणावर बोट दाबून ओढले, तर कागदावर तांबूस किंवा हिरवट रेघ उमटते. आम्ही रस्त्याकडच्या दहा झाडांची खालचे, मधले आणि वरचे अशी तीन-तीन पाने तपासली. तीसपैकी एकवीस पानांवर जिवंत कोळी सापडल्या आणि त्यांतील बहुतेक पाने खालची व मधली होती.

आता बुरशीविषयी. भुरी पानावर प्रथम सुट्या, गोलसर पांढऱ्या डागांच्या रूपाने येते आणि ते डाग पसरत जाऊन एकमेकांना मिळतात. बोटाने पुसले, तर पीठ बोटाला लागते आणि खालची जागा पिवळसर दिसते, पण ती टोचल्यासारखी ठिपकेदार नसते. भिंगातून पाहिल्यास तिथे कापसासारखे तंतू दिसतात, चालणारे काही नसते. दुसरी असते ती काळी बुरशी, जिला आपण काजळी म्हणतो. ती मावा, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण यांच्या गोड, चिकट विष्ठेवर वाढते, त्यामुळे पान बोटाला चिकट लागते. कारखान्याच्या राखेने काळे झालेले पान चिकट लागत नाही. कोळीही असा चिकटा सोडत नाही, म्हणून चिकटपणा जाणवला, की शोध दुसऱ्या किडीचा घ्यावा.

दादांच्या प्लॉटमध्ये बुरशीनाशकाचा उपयोग का झाला नाही, हे आता स्पष्ट आहे, कारण तिथे बुरशी नव्हतीच. त्याहून महाग पडल्या त्या पायरेथ्रॉइडच्या फवारण्या. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे ही औषधे तिला फारसे काही करत नाहीत, पण तिला खाणारे मित्रकीटक मात्र त्यांनी मरतात. जे थोडेफार नियंत्रण आपोआप होत होते, तेही गेले. उन्हाळ्याच्या उष्णतेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला कोळीला आठ-दहा दिवस पुरतात, आणि रोखणारे कुणी उरले नाही, की दोन आठवड्यांत पानाचा रंग बदलतो.

आम्ही जाळे धरलेली खालची पाने काढून पिशवीत भरली आणि प्लॉटबाहेर नेऊन नष्ट केली. नुसती बांधावर टाकली असती, तर कोळी परत झाडांवर आली असती. सकाळी पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने पानांच्या पाठी धुतल्या. त्याने धूळही गेली आणि बरीच कोळीही गेली. त्यानंतर वांग्यासाठी शिफारस असलेले कोळीनाशक लेबलवरच्या मात्रेने, नोझल वर वळवून, पानांच्या पाठीला लागेल असे मारले. अनेक औषधांतून अंडी वाचतात, म्हणून सहाव्या दिवशी पुन्हा कागदाची परीक्षा केली आणि चालणारी पिल्ले दिसल्यावर वेगळ्या गटातील औषधाची दुसरी फवारणी दिली. तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचे, तेही लेबलवर असते आणि ते पाळावेच लागते. पाण्यात विरघळणारे गंधक भुरी आणि कोळी या दोन्हींवर काही प्रमाणात चालते, त्यामुळे त्याने गुण आला तरी निदान सिद्ध होत नाही. आणि मार्चनंतरच्या दुपारच्या कडक उन्हात ते पाने करपवू शकते, म्हणून आम्ही ते टाळले.

पंधरा दिवसांनी दादांचा फोन आला. आवाजात काळजी होती. “साहेब, दोन फवारण्या झाल्या, पण ठिपकं तसंच हाईत.” मी त्यांना जुनी पाने सोडून शेंड्याकडची, फवारणीनंतर फुटलेली चार-पाच पाने पुसून पाहायला सांगितले. थोड्या वेळाने त्यांनी कळवले, की त्या पानांवर धूळ आहे, पुसल्यावर खाली सगळे हिरवे आहे आणि कागदावर काही चालत नाही. मी त्यांना तिसरी फवारणी करू नका, असे सांगितले.