एक टिक, एक लॉट आणि अडकलेले बाराशे शेअर्स

[पडद्यावर: ऑर्डरची खिडकी. डावीकडे खरेदीचे भाव, उजवीकडे विक्रीचे.]

शेअरचा भाव एका वेळी कमीत कमी जेवढ्या पैशांनी हलू शकतो, ती त्याची टिक. बारा रुपयांचा एखादा शेअर घ्या. २०२४ च्या जूनपर्यंत राष्ट्रीय शेअर बाजारात त्याची टिक पाच पैशांची होती. म्हणजे बारा रुपयांच्या खालोखाल भाव लावायचा तर ११.९५, मधला नाही. हजार शेअर्स एका टिकने महाग घेतले की पन्नास रुपये गेले, तेही दलाली आणि कर सोडून. आता अडीचशे रुपयांखालच्या शेअर्सना एका पैशाची टिक आहे, त्यामुळे तेच नुकसान दहा रुपयांवर आलं.

याला दुसरी बाजूही आहे. तुम्ही ११.९५ ला खरेदीची ऑर्डर लावून रांगेत थांबलात आणि कुणी ११.९६ लावला, तर तो तुमच्या पुढे जातो. पुढे जायला त्याला शेअरमागे फक्त एक पैसा जास्त मोजावा लागतो.

पण इथे शेअर एकेक करून घेता येतो, म्हणून चूक झाली तरी ती आपल्या ऐपतीएवढीच राहते. खरा पेच आहे तो लहान कंपन्यांच्या, म्हणजे एसएमई बाजारात.

[पडद्यावर: एसएमई शेअरची ऑर्डर. संख्या ३००. लाल पट्टी: ऑर्डर नाकारली.]

समजा, एका एसएमई कंपनीने शंभर रुपयांना शेअर विकायला काढला. लॉट म्हणजे एकत्रच घ्यायचा-विकायचा शेअर्सचा गठ्ठा; या भावाला तो बाराशे शेअर्सचा, म्हणजे एक लाख वीस हजारांचा. जुलै २०२५ पासून अर्ज किमान दोन लॉटचा आणि दोन लाखांहून जास्त रकमेचा करावा लागतो, म्हणून इथे दोन लाख चाळीस हजार अडकतात. शेअरची बाजारात नोंदणी झाल्यावर मात्र एकेक लॉट विकता येतो.

आता घरात तीस हजारांची गरज पडली. तीनशे शेअर्स विकावेत म्हटलं, तर ऑर्डर जातच नाही. संख्या लॉटच्या पटीतच हवी. विकायचे तर बाराशे, नाहीतर काहीच नाही.

बरं, बाराशे विकायचे ठरवले. खिडकीत खरेदीदार ९६.५० देतोय, विकणारे १०० मागताहेत. साडेतीन रुपयांचं हे अंतर बाराशेने गुणलं की एका लॉटवर ४,२०० रुपये होतात. टिक जुन्यासारखी पाच पैशांची धरली तर एका टिकचेच साठ. त्यात घाईघाईने दोन्ही लॉट मार्केट ऑर्डरने, म्हणजे मिळेल त्या भावाला टाकले, तर पहिला ९६.५० ला जातो आणि दुसरा खालच्या खरेदीदाराला, कदाचित ९३ ला. म्हणून इथे आपला भाव ठरवून देणारी लिमिट ऑर्डरच लावायची. ती भरली गेली नाही तर वाट पाहायची तयारी हवी. ती नसेल तर या बाजाराच्या वाटेला न गेलेलं बरं.

अशा वेळी मार्केट मेकर, म्हणजे त्या शेअरचे भाव देत राहायला नेमलेला दलाल, आहेच की, असं सांगितलं जातं. ते अर्धं खरं आहे. नोंदणीनंतर तीन वर्षं त्याने व्यवहाराच्या वेळेपैकी पंचाहत्तर टक्के वेळ खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव द्यायचे असतात. पण त्याच्याकडे ठरलेल्या मर्यादेइतका साठा झाला की खरेदीचा भाव देण्याची सक्ती तेवढ्यापुरती उठते. साठा कधी वाढतो? सगळेच विकत असतात तेव्हा. तीन वर्षं उलटली की सक्तीच संपते.

[पडद्यावर: १,२०० + ६०० = १,८००]

लॉट मोडण्याचा आणखी एक प्रकार बोनसमध्ये होतो. दोनास एक बोनस, म्हणजे दोन शेअर्समागे एक फुकट मिळाला आणि तुमच्या बाराशेचे अठराशे झाले. लॉट बाराशेचाच राहिला, तर वरचे सहाशे सुटे पडतात आणि नेहमीच्या बाजारात ते विकता येत नाहीत. बोनसनंतर भाव ६७ च्या आसपास धरा. आधी बाराशे बाजारात विकायचे. उरलेले सहाशे सुमारे चाळीस हजारांचे. ही रक्कम एक लाखाहून कमी आहे, म्हणून ते मार्केट मेकरला देता येतात. अट एकच: त्या कंपनीतला तुमचा उरलेला सगळा साठा एकदम द्यायचा. तीनशे आज, तीनशे पुढच्या महिन्यात, हे चालत नाही.

कंपनी पुढे मुख्य बाजारात गेली की लॉट एका शेअरचा होतो आणि सुट्या शेअर्सची अडचण आपोआप मिटते. मात्र स्थलांतरासाठी कंपनीला अटी पूर्ण कराव्या लागतात. तोवर अर्ज भरताना माहितीपत्रकात लॉटचा आकडा आणि मार्केट मेकरचं नाव शोधा, आणि नोंदणी झालेल्या शेअरच्या बाबतीत ऑर्डरच्या खिडकीतलं खरेदी-विक्रीचं अंतर लॉटने गुणून पाहा.