फोटोतलं बेरिंग

श्रोतेहो, नमस्कार. हल्ली मशीनचा भाग झिजला की आधी त्याचा फोटो येतो. "दादा, हे कोणतं बेरिंग?" फोटोवरून ओळखता येतं, पण फोटो नीट काढलेला हवा. एका फसलेल्या फोटोनं मला हे शिकवलं.

गावातल्या एका वहिनींची पिठाची गिरणी आहे. मोटार किंचाळायला लागली म्हणून मुलानं बेरिंग काढलं. कडेवर कोरलेला नंबर घासून गेला होता. त्यानं बेरिंग जमिनीवर ठेवलं, शेजारी फूटपट्टी ठेवली आणि वीतभर अंतरावरून फोटो काढून पाठवला. बाहेरचा व्यास जवळपास ५१ मिलिमीटर दिसत होता आणि भोक २१ च्या आसपास. मी सांगितलं, ६३०४. त्याचं भोक २० आणि बाहेरचा व्यास ५२. मुलगा एसटीनं तालुक्याला जाऊन ते घेऊन आला. शाफ्टवर बसलं, पण मोटारीच्या कव्हरात काही जाईना. गिरणी आणखी एक दिवस बंद, दारात डब्यांची रांग.

चूक कुठे झाली? पट्टी होती जमिनीवर आणि बेरिंगचं वरचं तोंड जमिनीपासून १४ मिलिमीटर वर. तोंड कॅमेऱ्याच्या जास्त जवळ, म्हणून ते पट्टीच्या मानानं मोठं दिसलं. खरा व्यास होता ४७!

मग मी म्हटलं, पट्टीखाली वही ठेव, पट्टी बेरिंगच्या वरच्या तोंडाच्या पातळीत आण. मोबाइल हातभर लांब धर, झूम कर, बरोबर वरून काढ. दुसरा फोटो बाजूनं काढ, जाडी कळू दे. आता ४७ आणि १४ आलं, भोक २०. म्हणजे ६२०४. पुन्हा सांगतो, पट्टी तोंडाच्या पातळीत, मोबाइल लांब, आणि बाजूचा फोटो वेगळा.

पट्टीऐवजी रुपयाचं नाणं ठेवू नका. जुना रुपया २५ मिलिमीटरचा, २०१९ पासूनचा २० चा. फोटोत कोणता आहे हे मला कसं कळणार?

नंबर दिसत असेल तर शेवटचे दोन आकडे पाचानं गुणा. ०४ म्हणजे भोक २०, ०५ म्हणजे २५. त्याखालच्या नंबरांना मात्र हा हिशेब लागत नाही. ०३ चं भोक १७ असतं.

पट्ट्याचा फोटो पाठवताना पुलीची खाचही दाखवा. झिजलेला पट्टा अरुंद होतो, त्याच्या मापानं घेतलेला नवा पट्टा खाचेत खोल बसतो आणि तळाला टेकून घसरतो. दातचक्राचे दात मात्र हातानं मोजा, तुटलेले धरून.

आणि नवा भाग बसेपर्यंत जुना भंगारात टाकू नका. वहिनींच्या मुलानं तो ठेवला होता, म्हणूनच दुसरा फोटो काढता आला.