43 चे 45 कसे झाले? सत्राच्या बेरजेचं पत्र, ओळीओळीने

(कॅमेऱ्यासमोर. हातात एक पानी छापील पत्र.)

नमस्कार पालकहो. मी फोंड्याकडच्या एका शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. सत्राचा निकाल घरी पोचला की पालकांच्या ग्रुपवर मोबाइलचे कॅल्क्युलेटर सुरू होतात, आणि रात्री नऊच्या सुमारास पहिला मेसेज पडतो: "टीचर, बेरीज जुळना!"

म्हणून या वेळी निकालपत्रासोबत हे पत्र जोडलंय. बेरीज कशी झाली आणि ती परत कशी तपासली, हे त्यात आहे. पण पत्राला एकच पान, त्यामुळे जे तिथे दोन ओळींत उरकलंय ते इथे सविस्तर सांगते. व्हिडिओतले गुण आणि रोल नंबर उदाहरणापुरते बदललेत, तेव्हा आपलं पोर यात शोधू नका.

पत्राचा पहिला परिच्छेद वाचते.

"सप्रेम नमस्कार. प्रत्येक विषय 100 गुणांचा आहे. लेखी परीक्षा 70, अंतर्गत मूल्यमापन 20 आणि घटक चाचणी 10. घटक चाचणी 20 गुणांची घेतली होती, तिचे गुण निम्मे केले आहेत. अर्धा गुण उरल्यास तो त्या विषयातच पुढच्या पूर्ण अंकात धरला आहे. सहा विषयांची एकूण बेरीज 600 पैकी आहे."

ही आमच्या शाळेची वाटणी. तुमच्या शाळेत वेगळी असेल, ती त्यांना विचारा. माझं बोट आहे ते या ओळीवर: "त्या विषयातच". सगळी गंमत तिथेच आहे.

(पांढऱ्या फळ्यावर आकडे लिहीत.)

एका मुलीचे घटक चाचणीचे गुण बघा. मराठी 13, इंग्रजी 15, हिंदी 17, गणित 11, विज्ञान 14, समाजशास्त्र 16. बेरीज 86. तिच्या बाबांनी घरी काय केलं? 86 चे निम्मे 43. निकालपत्रावरून मात्र चाचणीचे 45 निघतात. बाबा प्रामाणिक माणूस, त्यांनी विचारलं, "टीचर, दोन मार्क चड कशे आयले?"

आता आम्ही केलं तसं करू. 13 चे निम्मे साडेसहा, ते झाले 7. 15 चे साडेसात, झाले 8. 17 चे साडेआठ, झाले 9. 11 चे साडेपाच, झाले 6. 14 चे 7 आणि 16 चे 8, तिथे अर्धा नाहीच. 7, 8, 9, 6, 7, 8. बेरीज 45. चार विषयांत अर्धा अर्धा गुण वर गेला, त्याचे झाले दोन. म्हणजे बाबांचा हिशेब चुकलेला नाही आणि आमचाही नाही. त्यांनी आधी बेरीज करून मग निम्मं केलं, आम्ही आधी निम्मं करून, पूर्णांक करून, मग बेरीज केली.

इथवर कुणाची तक्रार नसते, दोन गुण वाढलेच आहेत ना! पण शेजारच्या बाकावरचा मुलगा घ्या. त्याचे 14, 14, 16, 12, 14, 16. याचीही बेरीज 86 च. सगळे आकडे सम, अर्धा कुठेच उरत नाही, त्यामुळे याचे 43. दोघांनी चाचण्यांत मिळवलेले गुण सारखे, आणि निकालपत्रावर दोन गुणांचा फरक. विषम गुण मिळवणाऱ्याला बक्षीस मिळाल्यासारखं झालं की नाही?

मग हा नियम ठेवायचाच कशाला? कारण निकालपत्रावर प्रत्येक विषयापुढे पूर्ण अंक छापतात. बेरीज आतल्या अर्ध्या गुणांसकट केली, तर छापलेले सहा आकडे जोडल्यावर एकूण वेगळंच येईल. आणि असं निकालपत्र वर्गातल्या प्रत्येक घरी गेलं तर माझा फोन रात्रभर बंद ठेवावा लागेल. छापलेले आकडे आणि छापलेली बेरीज जुळलीच पाहिजे, असं शाळेने ठरवलंय. मला स्वतःला विषयापुढे साडेसहा छापलेलं चालेल, पण तो निर्णय माझा नाही. एक गोष्ट मात्र आम्ही पाळतो. वर्गात पहिला कोण, दुसरा कोण हे बघायची वेळ आली की अर्धे गुण न उचललेली मूळ बेरीज काढतो. म्हणून या दोघांत चाचणीपुरता पुढेमागे कुणीच नाही.

आता फेरतपासणी.

पत्रात मी लिहिलंय, "बेरजेचा ताळा विषयशिक्षकांच्या मूळ यादीशी घेतला आहे." हे 'मूळ यादीशी' मुद्दाम लिहिलंय. गुणांचा तक्ता आता कंप्युटरवर असतो. वर्गात 38 मुलं, दुसऱ्या ओळीपासून एकोणचाळिसाव्या ओळीपर्यंत. सहा विषय सहा रकान्यांत. प्रत्येक मुलाची आडवी बेरीज, प्रत्येक विषयाची उभी बेरीज, आणि कोपऱ्यात दोन्हींची एकूण बेरीज सारखी आली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. वहीवर हाताने बेरीज करायचे तेव्हा ते खरंच होतं, कारण हात चुकायचा. कंप्युटर बेरजेत चुकत नाही. 74 च्या जागी 47 टाईप केले, तर आडव्यातही 47 जाणार आणि उभ्यातही 47 च जाणार. ताळा झकास जुळणार आणि एका पोराचे 27 गुण गेलेले असणार.

म्हणून दुसरी बेरीज तक्त्याबाहेरून यावी लागते. प्रत्येक विषयशिक्षक आपली यादी देताना खाली स्वतः केलेली बेरीज लिहून सही करतात. ती बेरीज माझ्या तक्त्यातल्या उभ्या बेरजेशी जुळते का, तेवढंच मी बघते.

त्याआधी एक लहानसं काम. विज्ञानाचा रकाना G आहे असं धरा. मी ही दोन सूत्रं खाली टाकते:

```
=COUNT(G2:G39)
=SUM(G2:G39)
```

पहिलं सूत्र फक्त आकडे मोजतं. 38 यायला हवं. 37 आलं, तर एकतर कुणी गैरहजर आहे, नाहीतर एखादा गुण आकडा म्हणून न जाता मजकूर म्हणून बसलाय. दिसायला तो 58 च दिसतो, पण बेरीज त्याला चुपचाप वगळते. बहुतेक वेळा तो चौकटीच्या डाव्या कडेला चिकटलेला असतो, बाकीचे उजवीकडे. तेवढ्यावरून सापडतो.

दुसरं सूत्र बेरीज. आता खरी गोष्ट.

(फळ्यावर दोन आकडे, एकाखाली एक.)

विज्ञानाच्या टीचरच्या यादीखाली 2,318. माझ्या तक्त्यात 2,291. मोजदाद 38 च, म्हणजे कुणी सुटलेलं नाही. फरक 27.

अडतीस आकडे परत वाचायच्या आधी मी फरकाला 9 ने भागते. 27 ला पूर्ण भाग जातो, 3 वेळा. असं झालं की पहिला संशय अंकांच्या अदलाबदलीवर. दोन अंकी संख्येतले अंक उलटे झाले की फरक नेहमी 9 च्या पाढ्यातला येतो, आणि भागाकार सांगतो की त्या दोन अंकांत किती अंतर आहे. इथे 3. शिवाय माझी बेरीज कमी आलीय, म्हणजे मोठी संख्या लहान होऊन बसलीय. तर तक्त्यात मला असा आकडा शोधायचा आहे ज्याचा एककाचा अंक दशकापेक्षा 3 ने मोठा. 14, 25, 36, 47, 58, 69. विज्ञानाच्या रकान्यात असे चारच निघाले. चौघांचे गुण यादीशी लावून बघितले, रोल नंबर 23 कडे यादीत 74 आणि तक्त्यात 47. दुरुस्त केलं, बेरीज 2,318. पाच मिनिटांचं काम.

फरकाला 9 ने भाग गेला नाही, तर हा रस्ता सोडायचा. फरक 10 किंवा 20 असेल तर बहुधा दशकाचा अंक चुकलाय. भलताच काही आला, तर दोन चुका एकत्र असू शकतात, मग सगळी यादी ओळीने वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि या सगळ्या ताळ्याला एक चूक कधीच दिसत नाही. आमच्या वर्गात नाईक तिघं आहेत, रोल नंबर एकापाठोपाठ. एकाचे 62 दुसऱ्याच्या ओळीत गेले आणि दुसऱ्याचे 81 याच्या ओळीत, तर बेरीज तीच, मोजदाद तीच. सूत्रं सगळी खूश. फरकच नाही, तर भागणार कशाला? ही चूक पकडायला दोन माणसंच लागतात. एकजण पेपरच्या गठ्ठ्यातून रोल नंबर, मुलाचं नाव, वडलांचं नाव आणि गुण मोठ्याने वाचतो, दुसरा तक्त्यावर बोट ठेवून खूण करत जातो. यादीवरून वाचायचं नाही, पेपरवरूनच वाचायचं, कारण अदलाबदल यादीतच झालेली असू शकते. कंटाळवाणं काम आहे. सहा विषय, अडतीस पेपर, आणि स्टाफरूममध्ये पंखा घरघरत असतो. पण पत्रात "पेपरवरून वाचून पडताळले" असं लिहायचं, तर ते करावंच लागतं.

(पत्र परत हातात.)

शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय की आम्ही फक्त बेरीज तपासली आहे. एखाद्या उत्तराला 3 गुण दिले ते 4 असायला हवे होते का, हे यात येत नाही. तो विषयशिक्षकांशी बोलायचा मुद्दा, आणि त्यासाठी ओपन डेला पेपर समोर ठेवूनच बोललेलं बरं.

त्या दिवशी पेपर हातात आला की आधी तीन जागा बघा. आतल्या प्रत्येक उत्तरापुढे गुण आहेत का, की एखादं उत्तर तपासायचंच राहिलं? पुरवणीचे गुण पहिल्या पानावरच्या चौकटीत आलेत का? आणि चौकटीतली बेरीज बरोबर आहे का? पुरवणी हे सुटण्याचं नेहमीचं ठिकाण, विशेषतः दोरा सैल झाला असेल तर. नंतर लेखीचे, अंतर्गत मूल्यमापनाचे आणि निम्म्या चाचणीचे गुण जोडा. अर्धा उरला तर त्याच विषयात वर घ्या, आणि मग सहा विषय जोडा. तरीही एकूण जुळलं नाही, तर ग्रुपवर नको, एका चिठ्ठीवर मुलाचा रोल नंबर, विषय आणि तुमची बेरीज लिहून द्या. चिठ्ठी आली की मी तो पेपर गठ्ठ्यातून काढून तुमच्यासमोरच जोडून दाखवीन.