सव्वा लाख बिटकॉइन कुठे गेले?

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘बड्या वॉलेटांची विक्री कशी ओळखावी’ असा छापला आहे. त्या विषयाकडे मी येणार आहेच, पण त्याआधी एक जुनी तक्रार मांडण्याची परवानगी हवी. संयोजकांनी मला चाळीस मिनिटे दिली आहेत. तक्रारीला त्यातली दहा लागतील असे मी त्यांना सांगितले आहे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांचा त्यावर विश्वास बसलेला दिसत नाही.

तक्रार अशी. व्हेल अलर्टसारख्या सेवा ब्लॉकचेनच्या, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या व्यवहार-नोंदींच्या साखळीवरचे मोठे व्यवहार टिपून सूचना पाठवतात. त्या सूचनेत तीनच गोष्टी असतात: किती नाणी हलली, कुठून हलली आणि कुठे गेली. सूचना बहुतेक वेळा अचूक असते. ती आपल्या ग्रुपवर येते तेव्हा मात्र तिच्याखाली चौथी गोष्ट जोडलेली असते, ‘व्हेल विकतोय, सावध राहा’, व्हेल म्हणजे बडा धारक. ही चौथी गोष्ट साखळीवर कुठेही लिहिलेली नसते; ती पाठवणाऱ्याने त्या दिवशीचा भाव पाहून लिहिलेली असते.

याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे २८ नोव्हेंबर २०२२. एफटीएक्स या एक्स्चेंजने, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराने, दिवाळखोरी जाहीर करून जेमतेम अडीच आठवडे झाले होते, त्याच दिवशी ब्लॉकफाय या क्रिप्टो-कर्जे देणाऱ्या कंपनीनेही दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि बिटकॉइन सोळा हजार डॉलरच्या आसपास रेंगाळत होता. अशा वातावरणात सूचना आली की बायनान्स या एक्स्चेंजच्या वॉलेटातून १,२७,३५१ बिटकॉइन, म्हणजे सुमारे दोन अब्ज डॉलरची नाणी, एका अनोळखी वॉलेटात गेली आहेत. लगेच घबराट पसरली.

आता गंमत पाहा. या सभागृहात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला एक सोपा नियम पाठ आहे: नाणी एक्स्चेंजमध्ये शिरली की विक्री होणार आणि एक्स्चेंजमधून बाहेर पडली की कोणी तरी घेऊन साठवून ठेवली. या नियमाने पाहिले तर सव्वा लाख नाणी एक्स्चेंजमधून बाहेर पडणे ही आनंदाची बातमी ठरायला हवी होती. पण त्या दिवशी ती कोणीही आनंदाची म्हणून वाचली नाही. भाव चढा असता तर हीच सूचना ‘संस्थात्मक खरेदी’ या मथळ्याखाली फिरली असती. (आपण हसता आहात, म्हणजे आपणही तशा सूचना पुढे पाठवल्या आहेत असे मी समजतो.)

बायनान्सचे त्या वेळचे प्रमुख चांगपेंग झाओ यांनी खुलासा केला. राखीव साठ्याच्या तपासणीसाठी लेखापरीक्षकाने ठरावीक रक्कम स्वतःलाच पाठवून दाखवायला सांगितली होती, जेणेकरून वॉलेटावर ताबा असल्याचे सिद्ध व्हावे, आणि उरलेली नाणी परतीच्या एका नव्या पत्त्यावर गेली, असे त्यांनी सांगितले. लोकांचा त्यावर विश्वास बसेना, आणि त्याला झाओ स्वतःच कारणीभूत होते. दोनच आठवड्यांपूर्वी त्यांनी जाहीरपणे लिहिले होते की वॉलेटांचे पत्ते दाखवण्याच्या आधी किंवा नंतर एखाद्या एक्स्चेंजला मोठ्या रकमा हलवाव्या लागत असतील, तर ते गडबडीचे स्पष्ट लक्षण आहे, अशा ठिकाणापासून दूर राहा. आपलेच विधान इतक्या लवकर आपल्यावर उलटल्याची उदाहरणे आपल्या राजकारणातही फार नसतील. पण तो मुद्दा बाजूला ठेवू, कारण झाओ यांचा स्वभाव हा आपला विषय नाही. विषय हा, की त्यांनी जे सांगितले ते आपल्याला घरबसल्या पडताळता येते का? बऱ्याच अंशी येते, आणि माझा सगळा आग्रह या पडताळणीसाठीच आहे.

बिटकॉइनच्या पत्त्यावर बँकेच्या खात्यासारखी एक शिल्लक नसते. वेगवेगळ्या वेळी आलेले, वेगवेगळ्या रकमांचे सुटे तुकडे असतात, आणि प्रत्येक तुकडा खर्च करायचा तर पूर्णच करावा लागतो. दुकानदाराला पाचशेची नोट देऊन साठ रुपयांची खरेदी केली की उरलेले पैसे परत मिळतात, तसेच इथेही घडते. फरक इतकाच की परत येणारी रक्कम बहुधा त्याच मालकाच्या एका कोऱ्या पत्त्यावर येते. समजा, एखाद्या एक्स्चेंजच्या कोल्ड वॉलेटात, म्हणजे इंटरनेटपासून तोडून ठेवलेल्या साठ्यात, १०,००० नाण्यांचा एकच तुकडा आहे आणि ग्राहकांचे पैसे चुकते करण्यासाठी इंटरनेटशी जोडलेल्या हॉट वॉलेटात ५०० नाणी हवी आहेत. व्यवहारात १०,००० नाणी आत जातील आणि दोन वाटांनी बाहेर पडतील: ५०० हॉट वॉलेटाकडे आणि शुल्क वजा जाता ९,५०० कोऱ्या पत्त्यावर. तो पत्ता कोणत्याही यादीत नसल्याने सूचना येईल की ९,५०० नाणी अनोळखी वॉलेटात गेली. प्रत्यक्षात मालक बदललेला नाही, आणि ज्या ५०० नाण्यांना काही अर्थ होता त्यांच्याकडे कोणी पाहिलेलेही नाही.

म्हणून सूचना आली की पहिले काम म्हणजे साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या ब्लॉक एक्सप्लोरर संकेतस्थळावर तो व्यवहार उघडून बाहेर पडणाऱ्या वाटा मोजणे. दोनच वाटा असतील, एक रक्कम गोल आकड्याची आणि दुसरी दशांशापुढे लांबलेली असेल, तर लांबलेली रक्कम बहुधा परतीची असते. त्यानंतर पत्त्यांची घडण पाहावी. आत जाणारे पत्ते `3` ने सुरू होत असतील आणि बाहेरच्या दोन पत्त्यांपैकी एकच `3` ने, दुसरा `bc1q` ने सुरू होत असेल, तर परतीचा पत्ता बहुधा पहिला असतो, कारण वॉलेटाचे सॉफ्टवेअर परतीसाठी आपल्याच जातीचा पत्ता बनवते. मात्र एक्स्चेंज जुन्या घडणीकडून नव्या घडणीकडे स्थलांतर करत असेल तेव्हा हा पुरावा उलटतो, म्हणून केवळ त्यावर विसंबून चालत नाही.

सर्वांत भक्कम पुरावा उशिरा मिळतो. तो कोरा पत्ता पुढे कधी तरी खर्च होतो. त्या वेळी त्याचे तुकडे एक्स्चेंजच्या ओळखीच्या पत्त्यांबरोबर एकाच व्यवहाराच्या आत जाणाऱ्या बाजूला दिसले, तर दोन्हींतून खर्च करण्याच्या गुप्त किल्ल्या एकाच मालकाकडे आहेत असे धरता येते. साखळीचे विश्लेषण करणाऱ्या कंपन्या एकाच मालकाच्या पत्त्यांचे जे गट बांधतात ते याच गृहीतकावर उभे आहेत आणि बिटकॉइनचे निर्माते सातोशी यांच्या मूळ प्रबंधातही त्याचा उल्लेख आहे. अनेक अनोळखी लोक मिळून मुद्दाम एक व्यवहार रचतात तिथे हे गृहीतक फसते. पण मोठी एक्स्चेंजे आपल्या साठ्यासाठी तसे करत नाहीत. या उशिराचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही. गट नंतर सुधारले जातात, म्हणून ‘एक्स्चेंजमधील शिल्लक’ दाखवणाऱ्या आलेखातले मागच्या महिन्याचे आकडे या महिन्यात बदललेले दिसू शकतात. आज दिसणारी घसरण महिन्याभराने पुसली गेलेली मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि तोवर तिच्यावर लेख लिहून झालेले असतात.

मी आताच एका चिठ्ठीकडे दुर्लक्ष केले. अजून बारा मिनिटे आहेत असे ती म्हणते आणि छापलेला विषय अद्याप सुरूच झालेला नाही, म्हणून खरी विक्री कशी दिसते ते आता थोडक्यात सांगतो.

विक्रीसाठी आलेला मोठा धारक साधारणपणे जुने, बराच काळ न हललेले थोडे तुकडे उचलतो, आधी अगदी लहान रक्कम पाठवून पत्ता तपासतो आणि मग मोठी रक्कम एक्स्चेंजने त्याला दिलेल्या ठेव-पत्त्यावर धाडतो. ठेव-पत्ता प्रत्येक ग्राहकाचा वेगळा असल्याने त्या क्षणी तोही ‘अनोळखी’च दिसतो. काही वेळाने एक्स्चेंज तो पत्ता इतर ग्राहकांच्या ठेवींबरोबर एकत्र झाडून घेते आणि तेव्हा त्याची ओळख पटते. अनेक आत आणि एक बाहेर ही झाडणीची खूण, तर एक आत आणि अनेक बाहेर ही ग्राहकांना पैसे देण्याची खूण. म्हणजे ‘अनोळखीकडून अनोळखीकडे’ या सूचनेत खरी ठेव दडलेली असू शकते, आणि ‘एक्स्चेंजकडून अनोळखीकडे’ या सूचनेत काहीच नसू शकते.

पण ठेव म्हणजेही विक्री नव्हे. विक्री एक्स्चेंजच्या स्वतःच्या नोंदवहीत होते आणि ती साखळीवर दिसत नाही. जर्मनीच्या सॅक्सनी राज्याने ‘मूव्हीटूके’ या बेकायदा चित्रपट-संकेतस्थळाच्या प्रकरणात हाती आलेली सुमारे ४९,८५८ नाणी १९ जून ते १२ जुलै २०२४ या काळात विकली आणि सुमारे २.६४ अब्ज युरो मिळवले. ही विक्री पूर्णपणे खरी होती, मालक ओळखीचा होता, आणि क्रॅकन, बिटस्टॅम्प, कॉइनबेस यांच्याकडे जाणारी प्रत्येक खेप अर्खम या साखळी-विश्लेषण सेवेच्या पडद्यावर सगळ्या जगाला दिसत होती. तरीही काही नाणी एक्स्चेंजांकडून त्याच वॉलेटाकडे परत आली. ज्यांनी फक्त जाणाऱ्या खेपा जोडल्या त्यांचा आकडा फुगला. ज्यांनी जाणाऱ्यांतून येणाऱ्या वजा केल्या त्यांनाच विक्रीचा वेग समजला.

याउलट ४ जुलै २०२५ रोजी २०११ पासून निद्रिस्त असलेल्या आठ पत्त्यांतून दहा-दहा हजार, अशी ८०,००० नाणी हलली. ती त्या दिवशी एक्स्चेंजकडे गेलीच नव्हती. जुन्या घडणीच्या पत्त्यांतून नव्या घडणीच्या पत्त्यांत गेली होती. त्या दिवशी विक्री झाल्याचे ठामपणे सांगणारे चुकले आणि यात विक्रीचा संबंधच नाही असे सांगणारेही चुकले, कारण त्याच महिन्याच्या मध्यापासून ही नाणी गॅलक्सी डिजिटल या मध्यस्थ कंपनीकडे सरकू लागली आणि २५ जुलैला त्या कंपनीने नऊ अब्ज डॉलरहून अधिक किमतीची ही विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर केले. अशा मध्यस्थामार्फत होणाऱ्या विक्रीत पहिल्या हालचालीपेक्षा दुसरी आणि तिसरी पाहावी लागते. कॉइनबेसच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी: ती कंपनी अनेक अमेरिकी ईटीएफांची नाणीही सांभाळते, त्यामुळे ‘कॉइनबेसमध्ये आवक’ हे कधी विक्रीसाठी आणलेल्या नाण्यांचे असते, तर कधी फंडाने घेतलेल्या नाण्यांच्या साठवणीचे.

इथेरियम या दुसऱ्या साखळीचा भाग राहिला, तो प्रश्नोत्तरांत घेऊ. तिथे परतीचे पत्ते नसतात, त्यामुळे सव्वा लाख नाण्यांसारखा भास त्या वाटेने होत नाही. पण टेदर हे डॉलरच्या भावाशी बांधलेले नाणे एका साखळीवरून दुसरीवर नेताना एक्स्चेंज जुनी नाणी टेदर कंपनीला परत करते आणि तितकीच नवी घेते, तेव्हा अब्ज डॉलरच्या आवकेची सूचना येते आणि बाजारात एक पैसाही नवा आलेला नसतो.