ओव्हरशूट कमी आला? ‘घर्षणामुळे’ एवढंच लिहून सुटू नका

नमस्कार मंडळी. सर्वोच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: ‘सर, थिअरीत ४४ टक्के, प्रॅक्टिकलला ३० आले. डिस्कशनमध्ये काय लिहू?’ त्याखाली कुणीतरी उत्तरही देऊन टाकलंय, ‘घर्षण लिही, सगळे तेच लिहितात.’

खरंय, सगळे तेच लिहितात. मीही लिहिलं होतं. एक्स्टर्नलनी त्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, ‘किती घर्षण?’ मी पंख्याकडे बघत बसलो.

तर आज ते ‘किती’ काढू. बेसिक तुम्हाला येतंच, पटकन घेतो. डीसी मोटर, पोझिशन फीडबॅक, फक्त प्रपोर्शनल गेन. आपल्या सेटअपला K = २०, टाइम कॉन्स्टंट τ = ०.२ सेकंद.

```
ωn = √(K/τ) = 10 rad/s
ζ = 1/(2√(Kτ)) = 0.25
OS = exp(-πζ/√(1-ζ²)) = 44.4 %
```

पीक टाइम येतो ०.३२ सेकंद. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १० अंशांची स्टेप दिली, काटा १३ पर्यंत गेला. ओव्हरशूट ३० टक्के. इथे बरेच जण काय करतात? ३० टक्क्यांवरून उलटा ζ काढतात, ०.३६ येतो, आणि लिहितात ‘प्रत्यक्ष डॅम्पिंग जास्त आहे’. थांबा! तोच सेटअप, तोच गेन, फक्त स्टेप ४० अंशांची द्या. ओव्हरशूट ४१ टक्के येतो. मग आता ζ बदलला का? लिनिअर सिस्टिममध्ये ओव्हरशूटची टक्केवारी स्टेपच्या मापावर अवलंबून नसते. ती बदलतेय म्हणजे फरक ζ मध्ये नाहीच.

हेच दुसऱ्या बाजूनं बघू. कमांडचा नॉब अगदी हळू फिरवा. आमच्याकडे साधारण एक अंश फिरेपर्यंत काटा ढिम्म हलत नाही. म्हणजे कोरडं घर्षण मोडायला एक अंशाची एरर लागते. हे घर्षण वेगाप्रमाणे वाढत नाही, फक्त दिशेच्या विरुद्ध एकसारखं ओढतं. त्यामुळे काटा पुढे जात असताना सर्वोला टार्गेट १० नाही, ९ वाटतं. ९ गुणिले १.४४४, आले १३. स्टेप ४० ची असेल तर ३९ गुणिले १.४४४, म्हणजे ५६.३, ओव्हरशूट ४१ टक्के. एकाच अंशानं दोन्ही रीडिंगं जुळली. एक्स्टर्नलना हेच हवं होतं.

अजून पटत नसेल तर परतीचा प्रवास बघा. काटा उलटा वळला की घर्षणाची दिशाही उलटते, टार्गेट ११ वाटू लागतं. १३ वरून निघालेला काटा १०.१ वर येतो आणि तिथेच चिकटतो. थिअरीप्रमाणे तो ८ पर्यंत खाली जाऊन पुन्हा वर यायला हवा होता. तुमच्या ग्राफमध्ये दुसरी लाट गायब असेल तर ती मोजायची राहिली नाही, ती झालीच नाही. आणि हो, टक्केवारी १० ने भागून काढली की १०.१ ने, ते रिपोर्टमध्ये लिहा. छोट्या स्टेपला एक टक्क्याचा फरक तिथेच पडतो.

‘मग स्टेप मोठीच द्यायची ना, ९० ची?’ असंही एकानं विचारलंय. देऊन बघितली. ओव्हरशूट वाढायचा सोडून ३५ वर आला! आमचा ड्रायव्हर ४५ अंशांच्या एररलाच पूर्ण व्होल्टेजवर पोचतो, त्यापुढे एरर कितीही असो, मोटरला तेवढंच मिळतं. हे ओळखायचं कसं? तो कोपऱ्यातला आकडा काढा. ०.३२ ऐवजी पीक ०.३८-०.३९ सेकंदांवर गेलाय. कोरड्या घर्षणानं पहिल्या पीकची उंची कमी होते, वेळ तीच राहते. सॅच्युरेशननं वेळही लांबते.

शेवटी एक कमेंट, जी वाचून मी चहा खाली ठेवला. ४० अंशांच्या स्टेपला ४८ टक्के आले, थिअरीपेक्षा जास्त, आणि कारण लिहिलंय ‘घर्षण’. अहो, घर्षणानं ओव्हरशूट वाढतो कसा? मी विचारलं, τ मोजताना शाफ्टवर पितळी चकती होती का? उत्तर आलं, ‘नाही, ती नंतर बसवली.’ झालं! जडत्व वाढलं, τ वाढला. तो ०.३ धरला तर थिअरीच ५२ टक्के देते. ३९ गुणिले १.५२ केले की ५९.३, म्हणजे ४८ टक्के. अशा वेळी पीक टाइमही ०.३९ च्या आसपास दिसेल, पण सॅच्युरेशनसारखा फक्त मोठ्या स्टेपला नाही, छोट्या स्टेपलाही. भाऊ, चकती न काढता τ पुन्हा मोजा आणि १० अंशांचा पीक टाइम कमेंटमध्ये टाका.