लाखावर बारा टक्के, म्हणजे व्याज किती?

श्रोतेहो, हिशेबाच्या कामात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एका ओळीचा आहे: "एक लाखावर बारा टक्क्यांनी व्याज किती होईल?" विचारणाऱ्याला हा प्रश्न पूर्ण वाटतो, कारण रक्कमही आहे आणि दरही आहे. परंतु व्याज सरळ की चक्रवाढ, चक्रवाढ असेल तर ते मुद्दलात किती दिवसांनी मिळवायचे, आणि कर्ज किती काळासाठी, या तीन गोष्टी त्यात नाहीत. त्या कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. आज मला त्यापुढचे बोलायचे आहे: या तिन्हींपैकी आधी काय विचारायचे, आणि त्याच क्रमाने का विचारायचे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन एक गृहस्थ आले होते. मुदत विचारली तेव्हा त्यांनी तीन वर्षे सांगितली. मी सरळव्याज गृहीत धरून ३६,००० असे उत्तर दिले. आठवडाभराने ते परत आले, तेव्हा त्यांच्या हातात कर्ज देणाऱ्याने काढलेला हिशेब होता आणि त्यावर व्याजाचा आकडा ४३,०७७ होता. मला फसवले जात आहे का, असे त्यांनी विचारले. फसवणूक नव्हती. हिशेब दरमहा चक्रवाढीचा होता, तसे कागदावर लिहिलेलेही होते, आणि मी ते न विचारताच आकडा सांगितला होता. ती चूक माझी होती आणि ती मला अजून बोचते, कारण माझ्या आकड्यावर विसंबून त्या माणसाने परतफेडीची तजवीज केली होती.

या दोन आकड्यांमधला ७,०७७चा फरक उलगडून पाहिला, तर प्रश्नातील उणिवा वेगवेगळ्या दिसू लागतात. सरळव्याजाने दर वर्षी १२,००० याप्रमाणे तीन वर्षांचे ३६,००० होतात. वर्षाच्या शेवटी व्याज मुद्दलात मिळवायचे ठरले, तर पहिल्या वर्षी १२,०००, दुसऱ्या वर्षी १,१२,०००वर १३,४४० आणि तिसऱ्या वर्षी १,२५,४४०वर सुमारे १५,०५३ असे मिळून व्याज ४०,४९३ होते. म्हणजे व्याजावर व्याज आकारल्यामुळे ४,४९३ वाढले. आता तेच व्याज दर महिन्याला १ टक्क्याने आकारून त्याच महिन्यात मुद्दलात मिळवले, तर छत्तीस महिन्यांनी ४३,०७७ होते. आणखी २,५८४ वाढले. सहामाही चक्रवाढीने ४१,८५२ आणि तिमाहीने ४२,५७६ येतात. रोज व्याज मिळवले तरी आकडा ४३,३२४च्या आसपास थांबतो. काळाचे तुकडे कितीही बारीक केले तरी तीन वर्षांत ४३,३३३च्या पुढे जाता येत नाही. चक्रवाढ दररोज आहे असे ऐकून अनेकजण धास्तावतात. महिन्यावरून दिवसावर आल्याने पडणारा फरक वर्षावरून महिन्यावर आल्याने पडणाऱ्या फरकाच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे.

येथपर्यंत मुदत तीनच वर्षे धरली होती. मुदत बदलताच कोणती उणीव भारी आणि कोणती हलकी, हेही बदलते. मुदत एकच वर्ष असेल, तर सरळव्याज आणि वार्षिक चक्रवाढ यांत काडीचाही फरक नाही, दोन्ही १२,०००. तेथे फरक पाडतो तो चक्रवाढीचा कालावधी, कारण मासिक चक्रवाढीने त्याच वर्षाचे १२,६८३ होतात. मुदत दहा वर्षे असेल तर चित्र पालटते. सरळव्याज १,२०,०००, वार्षिक चक्रवाढीने २,१०,५८५, मासिक चक्रवाढीने २,३०,०३९. येथे सरळ की चक्रवाढ या एका शब्दाने ९०,०००हून अधिक रक्कम हलते, तर वर्ष की महिना याने वीस हजारांच्या आत. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की मुदत आधी विचारावी. ती कळली की पुढच्या दोन प्रश्नांपैकी कोणता निर्णायक आहे, हे आपोआप कळते.

मुदतीविषयी आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो शिकवताना सहसा सुटतो. चक्रवाढ नेहमी सरळव्याजापेक्षा जास्त असते, असे आपण धरून चालतो. मुदत एका कालावधीहून कमी असेल, तेव्हा सूत्र काही वेगळेच सांगते. वार्षिक चक्रवाढीच्या सूत्रात अर्धे वर्ष घातले, तर व्याज ५,८३० येते आणि सरळव्याजाने मात्र ६,००० येते. हीच अडचण दीड वर्षाच्या कर्जात पुन्हा भेटते. पहिले पूर्ण वर्ष चक्रवाढीने आणि उरलेले सहा महिने सरळव्याजाने धरले तर १८,७२०. सगळे दीड वर्ष सूत्रातच घातले तर १८,५३०. दोन्ही रीती वापरात आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यामुळे मुदत कालावधीच्या पटीत नसेल, तर उरलेल्या तुकड्याचे काय करायचे हेही विचारून घ्यावे लागते.

शाळेत आपण "द.सा.द.शे. १२" असे लिहायला शिकलो. त्यातील दरसाल हा शब्द दर कोणत्या काळाचा आहे एवढेच सांगतो. व्याज मुद्दलात केव्हा मिळते हे सांगत नाही. अनेकजण या दोन गोष्टी एकच समजतात आणि दरसाल आहे म्हणजे चक्रवाढही वार्षिकच, असे धरतात. घोटाळ्याचे मूळ मला बहुतेक वेळा येथेच सापडले आहे.

विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसते, असेही पुष्कळदा घडते. अशा वेळी त्याच्याकडे जुना हिशेब असल्यास, आणि मधे काही फेड झालेली नसल्यास, पहिल्या दोन वर्षांची व्याजे वेगळी काढावीत. पहिल्या वर्षाचे व्याज मुद्दलाच्या बरोबर बारा टक्के असेल, तर व्याज सरळ आहे किंवा चक्रवाढ वार्षिक आहे. १२,५५१ असेल तर तिमाही, १२,६८३ असेल तर मासिक. दुसऱ्या वर्षाचे व्याज पहिल्याइतकेच असेल तर सरळ, १३,४४० असेल तर वार्षिक चक्रवाढ. एवढ्या दोन आकड्यांवरून कागदावर न लिहिलेली अट ओळखता येते.

आणि हप्ते. वरचा सगळा हिशेब रक्कम शेवटी एकदम परत करायची असे धरून आहे. तेच लाख, तोच दर, तीच तीन वर्षे, पण दरमहा समान हप्त्याने फेडले, तर हप्ता सुमारे ३,३२१ येतो आणि एकूण व्याज १९,५७२च होते, कारण प्रत्येक हप्त्यातून आधी त्या महिन्याचे व्याज चुकते होते आणि उरलेल्या रकमेने मुद्दल उतरत जाते. व्याजावर व्याज चढायला जागाच राहत नाही. म्हणून कोणी "तीन वर्षांचे कर्ज" म्हणाले, की तीन वर्षांनी एकरकमी फेडायचे की तीन वर्षे थोडे थोडे फेडत जायचे, हे विचारल्यावरच मी आता पेन उचलतो.